आमच्या वीस गुंठे बागेत चुना नेमका किती टाकायचा हे कळायला मला तीन महिने लागले, त्याची गोष्ट

आमची बाग कुडाळ तालुक्यात आहे. बाग म्हणजे वीसेक गुंठ्यांची माड-पोफळीची, दोनशेवीस पोफळी आणि चौदा माड, मधे मधे केळी आणि थोडी मिरी. जमीन जांभ्याची, लाल, आणि पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या वर. २०२३ च्या पावसाळ्यानंतर बाबांनी खत दिलं तरी पोफळींच्या खालच्या झावळ्या पिवळ्या पडत होत्या, कोवळ्या सुपाऱ्यांची गळ होत होती, आणि दर वर्षी खताची एक गोणी वाढवायची आणि फरक काहीच नाही असं चाललं होतं. कोणीतरी म्हणालं जमीन आंबट झाली असेल, चुना टाका. पण किती? इथपासून सगळा घोळ सुरू झाला, कारण जो तो वेगळा आकडा सांगत होता. मी हे लिहून ठेवतेय कारण मला तेव्हा असं सलग कुठे सापडलं नव्हतं.

आधी एक सांगते, पावसाने आंबटपणा का येतो ते. इतक्या पावसात मातीतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन खाली निघून जातं आणि मागे लोह नि अॅल्युमिनियम उरतं. मग आपण टाकलेलं स्फुरद त्या लोह-अॅल्युमिनियमला चिकटून बसतं आणि झाडाला मिळत नाही. म्हणजे बाबांची ती वाढीव गोणी तशीच मातीत अडकत होती. हे मला लॅबमधल्या मॅडमनी नंतर सांगितलं, तेव्हा त्या सगळ्या गोण्यांचे पैसे डोळ्यापुढे आले.

डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात माती काढली. पाऊस संपून जमीन जरा सुकली होती आणि खत देऊन दोनेक महिने झाले होते. नागमोडी चालत दहा ठिकाणी इंग्रजी व्ही सारखा खड्डा खणला, पंधरा सेंटीमीटर खोल, आणि खड्ड्याच्या एका बाजूने वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा काप घेतला. वरचा पालापाचोळा आधी बाजूला केला. आळ्यात ताजं खत असेल म्हणून आळ्याच्या आतली माती घेतली नाही. सगळी माती गोणपाटावर मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले परत मिसळून परत चार, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवली, उन्हात नाही.

इथेच एक गोष्ट मला आईमुळे लक्षात आली. आमच्या न्हाणीघरामागे बागेचा एक कोपरा आहे, तिथे आई आणि तिच्या आधी आजी अशी कितीतरी वर्षं चुलीची राख टाकत आलीय. आई म्हणाली, "तिथली माती नको घेऊ, तिथे राख आहे, ती वेगळी असणार." मी तिथली माती वेगळ्या पिशवीत घेतली. सामू म्हणजे आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकी जमीन आंबट. त्या कोपऱ्याचा सामू आला ६.३ आणि बाकी बागेचा ४.९! राख आंबटपणा कमी करते हे माहीत होतं, पण एकाच बागेत वीस पावलांवर इतका फरक असेल असं वाटलं नव्हतं. ती माती मुख्य नमुन्यात मिसळली असती तर मधलाच कुठलातरी आकडा आला असता, जो दोन्ही जागांना चुकीचा ठरला असता. तुमच्याकडे गोठ्याजवळची, शेणखताच्या खड्ड्याजवळची, राखेची अशी जागा असेल तर ती वेगळी ठेवा आणि चुन्याच्या हिशोबातूनही ती जागा वजा करा.

माती ६ डिसेंबरला लॅबमध्ये दिली, दोन नमुन्यांचे मिळून ३५० रुपये. रिपोर्ट आला १२ जानेवारीला, म्हणजे पाच आठवडे. रिपोर्टमध्ये सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं, सगळं होतं. चुना किती टाकायचा तेवढं मात्र नव्हतं. मी परत गेले, तर खिडकीवरच्या माणसाने सांगितलं की चुन्याची गरज ही वेगळी चाचणी आहे, फॉर्मवर लिहायला हवी होती. फॉर्ममध्ये तसा रकानाच नव्हता हो! चिडचिड झाली, पण उरलेली माती त्यांच्याकडे अजून होती म्हणून १५० रुपये आणखी भरले आणि २९ जानेवारीला आकडा मिळाला. तुम्ही पहिल्याच दिवशी अर्जावर हाताने लिहा, "चुन्याची गरज काढून मिळावी", आणि पावती घेताना ते नोंदलंय का बघा. माझे अडीच आठवडे आणि ७० किलोमीटरची एक फेरी त्यात गेली.

सामू कळला की चुना कळतो असं मला वाटायचं. तसं नाहीये. मॅडमनी समजावलं की सामू म्हणजे आत्ता मातीच्या पाण्यात किती आंबटपणा आहे तो, पण मातीच्या कणांना चिकटून जो साठा बसलेला असतो तो सामूत दिसत नाही. समुद्राकाठच्या रेतीचा सामू ४.९ आणि आमच्या चिकट जांभ्याचा सामू ४.९ असला तरी रेतीला थोडा चुना पुरतो आणि आमच्या मातीला जास्त लागतो, कारण थोडा आंबटपणा मारला की कणांवरचा साठा परत बाहेर येतो. म्हणून लॅबमध्ये एक ठरावीक सामूचं द्रावण मातीत ढवळतात आणि त्या द्रावणाचा सामू किती खाली आला त्यावरून गरज काढतात. आमचा आकडा आला ३ टन प्रति हेक्टर.

मी तिथेच तीन प्रश्न विचारले आणि ते विचारले हे फार बरं झालं. हे ३ टन कशाचे? तर शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटचे. कुठल्या खोलीपर्यंतच्या मातीसाठी? १५ सेंटीमीटर. कुठल्या सामूपर्यंत न्यायला? ६.०. ही तीन उत्तरं कागदावर लिहून आणा, पुढचा सगळा हिशोब त्यावर चालतो.

आता क्षेत्र. सातबारा ऑनलाइन काढला, डिजिटल सहीचा, १५ रुपये. त्यावर ०.२४.०० लिहिलंय, म्हणजे २४ आर. पण खाली बघितलं तर त्यात ४ आर पोटखराबा, म्हणजे कातळ आणि व्हाळाची कड. उरले २० आर. माझ्या मनात २४ चाच आकडा होता आणि त्याने हिशोब केला असता तर एक पंचमांश चुना जास्त पडला असता, कारण कातळावर तर कोणी चुना टाकत नाही, तो सगळा बागेतच गेला असता. तरी कागदावर विश्वास ठेवायला नको म्हणून मी आणि भाऊ तीस मीटरचा टेप घेऊन मोजायला गेलो. राखेचा कोपरा सोडून जागा एक लांब चौकोन आणि एक त्रिकोण अशी बसली. चौकोन ५० बाय ३० मीटर म्हणजे १५०० चौरस मीटर, त्रिकोणाचा पाया ३० आणि उंची २० म्हणजे ३०० चौरस मीटर. एकूण १८०० चौरस मीटर, म्हणजे १८ आर. राखेचा कोपरा साधारण २०० चौरस मीटर, म्हणजे सातबाऱ्याशी जुळलं.

हेक्टर, आर, गुंठा याचा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो म्हणून सोपं करून सांगते. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा १०१ चौरस मीटरच्या जरासा वर, म्हणजे चुन्यापुरतं दोन्ही एकच धरा. हेक्टरला १०० आर. टनात १००० किलो. म्हणून हेक्टरी जितके टन सांगितलेत त्याला १० ने गुणलं की गुंठ्याला किती किलो ते मिळतं. ३ टन हेक्टरी म्हणजे गुंठ्याला ३० किलो. एवढंच. आमच्या १८ गुंठ्यांना ५४० किलो. आणि एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम. हा चौरस मीटरचा आकडा मी फळ्यावर लिहून ठेवला कारण नंतर प्रत्येक सल्ला त्यावर तपासता आला.

पहिला सल्ला आला दुकानातून, "तीन टन एकरी टाका." मी रिपोर्ट दाखवला, त्यात प्रति हेक्टर लिहिलेलं, तरी ते म्हणाले सगळे एकरीच टाकतात. एकर म्हणजे ४० गुंठे, हेक्टरच्या अडीचपट लहान, तेव्हा एकरी ३ टन म्हणजे हेक्टरी साडेसात टन झाले. आपल्याकडे बोलण्यात एकर आणि कागदावर हेक्टर असतं, तिथेच ही चूक होते.

दुसरा सल्ला शेजारच्या आबांचा. आबा माझ्या आजोबांबरोबरचे, पोफळी त्यांनी आयुष्यभर केलीय. म्हणाले, "झाडाक पाच-पाच किलो चुनो घाल गो, काय एक होवचा नाय." आबांचा मान मला मोठा आहे म्हणून मी हे घरी येऊन नीट मांडून बघितलं. २२० पोफळींना ५ किलो म्हणजे ११०० किलो, ५४० च्या दुप्पट. पण खरी अडचण त्याहून मोठी. पोफळीचं आळं आमच्याकडे बुंध्यापासून पाऊण मीटर, म्हणजे आळ्याची जागा पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास. त्यात ५ किलो म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ २ किलो ८०० ग्रॅम, आणि लागतात ३०० ग्रॅम. हेक्टरी धरलं तर २८ टन! त्यातून आबा सांगत होते तो कळीचा चुना, तो तर शुद्ध असला तर कॅल्शियम कार्बोनेटपेक्षा पावणेदोन पट तीव्र. इतका चुना एका जागी पडला की सामू फार वर जातो आणि मग जस्त, लोह, मँगनीज, बोरॉन झाडाला मिळेनासं होतं, नवीन पानं पिवळी पडायला लागतात आणि माणूस परत खत घालत बसतो.

हाच धोका बरोबर हिशोब करूनही होतो, हे मात्र नीट वाचा. समजा तुम्ही पूर्ण क्षेत्राचे ५४० किलो काढले आणि ते २२० झाडांना वाटून आळ्यात टाकले, झाडाला जवळजवळ अडीच किलो, तरी आळ्यात चौरस मीटरला जवळपास १४०० ग्रॅम पडतात, गरजेच्या साडेचार पट. एकूण आकडा बरोबर असून मात्रा चुकली. जेवढ्या जागेवर टाकणार तेवढ्याच जागेचा चुना काढायचा. फक्त आळ्यात टाकायचा असेल तर आमच्या पोफळीला शुद्ध चुन्याचा अर्धा किलो पुरे. आम्ही पूर्ण जागेवर टाकायचं ठरवलं कारण मधे केळी आणि मिरी आहे आणि माडाची मुळं आळ्याच्या बरीच बाहेर जातात.

मग खोलीचा प्रश्न. ३ टन हे १५ सेंटीमीटर मातीसाठी. रिकाम्या शेतात नांगरून तेवढं मिसळता येतं, पण उभ्या बागेत मुळं वरच असतात, आम्ही खोऱ्याने दोन-तीन इंच, म्हणजे पाच-सात सेंटीमीटरच हलवू शकत होतो. पूर्ण चुना एवढ्याशा थरात गेला असता तर त्या थरापुरती मात्रा दुपटीहून जास्त. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या निम्मा यंदा टाका, वर्षाने माती परत तपासा आणि मग उरलेला ठरवा. म्हणजे यंदा शुद्ध चुन्याचे २७० किलो.

फेब्रुवारीत खरेदी. पहिल्या दुकानात "कॅल्शियम हवंय ना" म्हणून जिप्सम पुढे केलं. जिप्सममध्ये कॅल्शियम असतं पण त्याने आंबटपणा कमी होत नाही, त्यासाठी कार्बोनेट किंवा ऑक्साइड-हायड्रॉक्साइडच लागतो. तालुक्याला आणखी एका ठिकाणी डोलोमाइटची, म्हणजे चुन्याच्या दगडाच्याच एका जातीची, पावडर होती, स्वस्त. मी एक किलो नमुना आणला आणि घरी मैद्याच्या चाळणीतून चाळला. पाव किलो वर राहिला, बोटाला खरखरीत, बारीक रव्यासारखा. चुन्याचा दगड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मातीच्या आंबटपणाला भिडतो तो कणाच्या पृष्ठभागावरून, त्यामुळे जाड कण वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. वजन तेवढंच भरतं, काम होत नाही. तो माल सोडला. तिसऱ्या ठिकाणच्या मालातला किलोमागे फक्त चमचाभर वर राहिला, आणि गोणीवर न्यूट्रलायझिंग व्हॅल्यू ८५ छापलेली होती. डोलोमाइट घ्यायचं कारण असं की त्यात मॅग्नेशियमही असतं आणि आमच्याकडे ते पावसाने धुऊन गेलेलं.

८५ चा अर्थ, या पावडरचे १०० किलो हे शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटच्या ८५ किलोंएवढं काम करतात. म्हणून २७० ला ०.८५ ने भागायचं, गुणायचं नाही (मी आधी गुणलं होतं आणि आकडा कमी आला तेव्हा शंका आली, कमी ताकदीचा माल जास्तच लागणार ना). आले ३१८ किलो. पन्नास किलोच्या ७ गोण्या, २९० रुपयांनी २०३०, टेम्पोचे ६००.

२४ फेब्रुवारीला सकाळी साडेसहाला सुरू केलं, वारा पडलेला असतो तेव्हा. आदल्या दिवशी बागेतल्या झावळ्या आणि पालापाचोळा ओळींच्या कडेला ओढून घेतला, कारण पाचोळ्यावर टाकलेला चुना मातीपर्यंत पोचत नाही. सुतळीने दहा बाय दहा मीटरचे चौकोन आखले, पंधरा झाले, त्रिकोण वेगळा. एका चौकोनाला १७ किलो ७०० ग्रॅम यायला हवे होते. वजनकाट्यावर घमेलं भरून बघितलं आणि साडेचार किलोला आत खडूने रेघ मारली, म्हणजे चौकोनाला रेघेपर्यंत चार घमेली. दोन घमेली पूर्व-पश्चिम चालत टाकायची, दोन उत्तर-दक्षिण, त्याने सगळीकडे सारखं पडतं. बुंध्यापासून वीतभर जागा सोडली. तोंडाला फडकं आणि डोळ्याला चष्मा लावा, पावडर फार उडते. दोन गडी होते, हजार रुपये मजुरी, दुपारी एकपर्यंत टाकून आणि खोऱ्याने हलवून झालं. मग पाचोळा परत पसरला आणि संध्याकाळी पाणी सोडलं, ओल नसेल तर चुना काही करत नाही. पाणी नसलेल्या बागेत वळवाच्या सरींबरोबर टाकतात, पण उतार असेल तर मोठा पाऊस सुरू व्हायच्या आत मातीत मिसळलेला हवा.

बाबा नेहमी फेब्रुवारीत खत देतात, ते मार्च अखेरपर्यंत थांबवलं. ताज्या चुन्याबरोबर युरिया किंवा अमोनियाचं खत पडलं तर नत्र वायू होऊन उडतं आणि स्फुरदही चुन्याला चिकटतं. बाबांना ते थांबणं जड गेलं, रोज विचारायचे, आता देऊ काय. पण थांबले.

पुढे वर्षभर काहीच करायचं नव्हतं. डोलोमाइट हळू काम करतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच पद्धतीने माती काढली, यावेळी अर्जावर चुन्याची गरज लिहिलेली होती. सामू ४.९ वरून ५.३, आणि गरज हेक्टरी १.६ टन. कागदी हिशोबाने दीडच टन उरायला हवे होते, पण मधे एक पावसाळा गेला आणि खतांनीही थोडा आंबटपणा येतोच, त्यामुळे मला ते जुळल्यासारखंच वाटलं. झावळ्यांचा पिवळेपणा डोळ्याला दिसण्याइतका कमी होता. सुपाऱ्यांच्या गळीचं मी एका वर्षावरून काही म्हणणार नाही, ती पावसावरही असते.

१.६ टन म्हणजे गुंठ्याला १६ किलो, १८ गुंठ्यांना २८८, भागिले ०.८५, आले ३३९ किलो. गेल्या वर्षीचे ३२ किलो प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर कोरडे ठेवले होते. सहा नव्या गोण्या आणल्या, ३३२ झाले, सात किलोंसाठी सातवी गोणी फोडली नाही. मार्च २०२५ च्या पहिल्या रविवारी टाकून झालं. घमेल्यातली खडूची रेघ पुसून थोडी वर मारावी लागली, ४ किलो ६०० ग्रॅमला, आणि यावेळी ती बाबांनी मारली. आता पुढची माती जानेवारी २०२७ ला काढणार आहे.